भांडवल वजाबाकीतून येतं

व्यापाऱ्याच्या वहीतल्या हजारो नोंदींपैकी एक नोंद अशी आहे की ती चुकली तरी जुळते. ती म्हणजे धंदा सुरू करतानाची पहिली नोंद. रोख किती, फर्निचर किती, माल किती, कर्ज किती हे लिहायचं, आणि मालमत्तेतून देणं वजा करून जे उरेल ते मालकाचं भांडवल म्हणून जमा बाजूला मांडायचं. भांडवल हा आकडा कुणी मोजून आणत नाही, तो उरतो. त्यामुळे फर्निचर दहा हजारांनी जास्त लिहिलं तर भांडवल दहा हजारांनी वाढतं, कर्ज विसरलं तर तेवढं भांडवल वाढतं, आणि नावे-जमा दोन्ही बाजूंची बेरीज तरीही सारखीच येते. तेरीजपत्रक ही चूक पकडू शकत नाही. म्हैसूरमध्ये लहान व्यापाऱ्यांचे हिशेब बघण्याचं काम मी करते, आणि वर्षअखेरीला ताळेबंदात जे कोडं पडतं त्याचं मूळ किती तरी वेळा या पहिल्या पानावर सापडतं. म्हणून या लेखात फक्त या एका नोंदीबद्दल, एका दुकानाच्या आधाराने लिहिते. दुकानदार ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि हिशेब सहज समजावा म्हणून आकडे थोडे सोपे केले आहेत.

म्हैसूरमधल्या एका मराठी भावसार घरातला हा तरुण. देवराज मार्केटपासून जवळच वडिलांचा एक छोटा गाळा रिकामा होता. तिथे उदबत्ती, कापूर, कुंकू आणि पूजेचं साहित्य विकायचं त्याने ठरवलं. म्हैसूरच्या उदबत्तीला नाव आहे आणि दसऱ्याला गावात पर्यटकांची गर्दी असते, म्हणून मुहूर्त धरला तो विजयादशमीचा, 2 ऑक्टोबर 2025. बँकेकडून त्याने स्वतःच्या नावावर दोन लाखांचं वैयक्तिक कर्ज घेतलं होतं. कर्ज सप्टेंबरच्या अखेरीस हातात आलं, मग सुताराचे आणि माल पुरवणाऱ्यांचे पैसे चुकते झाले. दुकान उघडल्यानंतर चार दिवसांनी तो एक कागद घेऊन आला. त्यावर चार ओळी होत्या: रोख व बँकेत मिळून 55,280, फर्निचर 90,000, माल 2,10,000 आणि कर्ज 1,95,280. खाली त्याने वजाबाकी करून भांडवल 1,60,000 काढलं होतं.

मी त्याला विचारलं, "तू स्वतःच्या खिशातून किती घातलेस?"

"बचतीचे पंच्याण्णव हजार, ताई. आणि घरातलं एक जुनं कपाट आणून ठेवलंय."

"कपाट आज विकलं तर किती येतील?"

"पाच हजार येतील."

म्हणजे त्याने स्वतःचे घातले एक लाख, आणि कागद सांगत होता एक लाख साठ हजार. दुकानात अजून धड आठवडाभरही विक्री झाली नव्हती. मग साठ हजार कुठून आले?

उलट बाजूने केलेली ही चौकशी हीच या नोंदीची खरी तपासणी आहे. भांडवल एकदा वजाबाकीने काढायचं आणि एकदा मालकाने प्रत्यक्ष काय घातलं त्याच्या बेरजेने काढायचं. दोन्ही उत्तरं स्वतंत्र वाटांनी यायला हवीत. एकाच वाटेने काढलेलं भांडवल काहीच सिद्ध करत नाही.

साठ हजारांचं उत्तर मालात होतं. त्याने प्रत्येक पुड्यावर छापलेली किंमत धरून माल मोजला होता. दुकानदाराला ते स्वाभाविक वाटतं, कारण तो दिवसभर त्याच किमतीत विचार करतो. पण पहिल्या नोंदीत माल खरेदीच्या किमतीला घ्यायचा असतो, त्यात तो दुकानापर्यंत आणण्याचा खर्च मिळवायचा, आणि एखादी वस्तू खरेदीच्या किमतीलाही विकली जाणार नाही असं दिसत असेल तर ती त्या कमी किमतीला धरायची. पावत्या पुढ्यात घेऊन बेरीज केली तेव्हा गाडीभाड्यासकट माल 1,50,000 रुपयांचा निघाला. त्याची विक्री अजून नोंदणीच्या मर्यादेपासून फार खाली असल्याने जीएसटी नोंदणी घेतलेली नव्हती, म्हणून पावतीवर भरलेला करही मालाच्या किमतीतच राहिला. नोंदणी असती आणि त्या कराची वजावट मिळणार असती, तर तो कर मालातून काढून वेगळ्या खात्यात ठेवावा लागला असता.

छापील किंमत धरल्याने फक्त एक आकडा मोठा होतो असं नाही. माल दोन लाख दहा हजारांना वहीत आला आणि पुढे तेवढ्यालाच विकला गेला, तर वहीप्रमाणे त्यावर नफाच झाला नाही. विक्रीतून कमवायचे साठ हजार पहिल्याच दिवशी भांडवल म्हणून मांडले गेले. नफा व्हायच्या आधीच मालकाची ठेव म्हणून लिहिला गेला आणि तिथून तो पुन्हा कधी नफ्यात येत नाही. प्राप्तिकर अधिकाऱ्याने पावत्या मागितल्या तर हा साठ हजारांचा फरक लगेच उघडा पडतो, आणि तेव्हा तो अनवधानाने झाला हे सांगणं कठीण जातं.

माल दुरुस्त केल्यावर मालमत्ता झाली 2,95,280. त्यातून 1,95,280 कर्ज वजा केलं की बरोबर एक लाख उरतात. मालकाने घातलेलेही एक लाखच. दोन्ही वाटा एका जागी आल्या, आणि त्याने सुटकेचा श्वास सोडला. पण मला कर्जाचा आकडा खटकत होता. बँका वैयक्तिक कर्ज सहसा गोल आकड्यात मंजूर करतात. 1,95,280 हे मंजूर रकमेपेक्षा खात्यात आलेल्या रकमेसारखं दिसत होतं.

मंजुरीपत्र बघितल्यावर ते खरं निघालं. कर्ज होतं दोन लाखांचं. त्यातून बँकेने दोन टक्के प्रक्रिया शुल्क, म्हणजे चार हजार, आणि त्यावर अठरा टक्के जीएसटीचे 720, असे 4,720 रुपये आधीच कापून उरलेले खात्यात जमा केले होते. पण त्याला फेडायचे आहेत पूर्ण दोन लाख आणि व्याजही दोन लाखांवरच लागणार आहे. देणं म्हणून वहीत दोन लाखच यायला हवेत. आता पुन्हा वजाबाकी करा: 2,95,280 मधून 2,00,000 गेले की उरतात 95,280. मालकाने घातलेल्या एका लाखाशी हे जुळत नाही, आणि फरक आहे नेमका 4,720. तो फरक कर्ज मिळवण्यासाठी झालेला खर्च आहे. तो खर्च म्हणून नावे लिहिला की चित्र पूर्ण होतं. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर शेवटी ही नोंद उतरली:

रोख व बँक खाते … नावे 55,280
फर्निचर खाते … नावे 90,000
माल खाते … नावे 1,50,000
कर्ज प्रक्रिया खर्च खाते … नावे 4,720
वैयक्तिक कर्ज खात्याला … जमा 2,00,000
मालकाच्या भांडवल खात्याला … जमा 1,00,000

(दि. 2 ऑक्टोबर 2025 रोजी व्यवसाय सुरू करताना असलेली मालमत्ता, देणी व भांडवल यांची नोंद केल्याबद्दल.)

दोन्ही बाजूंची बेरीज तीन लाख. पहिल्या नोंदीत फक्त मालमत्ता आणि देणी असावीत, खर्च नसावा, असा आग्रह काही शिक्षक धरतात. ते वर्षानुवर्षं चालत आलेल्या धंद्याच्या बाबतीत बरोबर आहे, कारण तिथे मागच्या ताळेबंदातल्या शिलका पुढे ओढायच्या असतात आणि खर्चाची खाती आधीच बंद झालेली असतात. नव्या धंद्यात मागचा ताळेबंद नसतो. उघडण्याआधी धंद्यासाठी झालेला खर्च याच नोंदीत घ्या किंवा लगोलग दुसऱ्या नोंदीत, माझी हरकत नाही. तो दिसायला मात्र हवा.

त्याचं म्हणणं होतं की गाळाही यादीत घ्यावा, कारण दुकानात सगळ्यात मोलाचा तोच. पण गाळा वडिलांच्या नावावर आहे. मुलगा तो वापरतो एवढ्याने तो मुलाच्या धंद्याची मालमत्ता होत नाही. नोंदीत तेवढंच येतं जे या धंद्याने, म्हणजे या मालकाने धंद्यासाठी, घेतलेलं आहे.

इथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञ भिक्षूने 1494 मध्ये व्हेनिसला छापलेल्या आपल्या ग्रंथात दुहेरी नोंद पद्धत समजावली, आणि त्याची सुरुवात त्याने याच कामापासून केली. व्यापाऱ्याने आधी एका दिवशी आपल्याजवळच्या सगळ्या वस्तूंची यादी करावी, जे सहज हरवू शकतं ते आधी लिहावं, म्हणून रोख आणि जडजवाहीर पहिलं. त्या यादीत कपडे, घरातल्या चादरी आणि पिसांच्या गाद्याही आहेत. घर आणि पेढी यांची भिंत त्याच्या वहीत नव्हती, सगळं मिळून एकच व्यापारी होता. आज आपण ही भिंत घालतो, पण कायद्याच्या दृष्टीने एकट्या मालकाच्या धंद्याला अजूनही वेगळं अस्तित्व नाही. पॅन एकच, जबाबदारी एकच; दुकान बुडालं तर बँक मालकाच्या इतर मिळकतीकडेही वळू शकते. भिंत फक्त हिशेबात आहे, आणि वैयक्तिक कर्ज बरोबर त्या भिंतीवर येऊन बसतं.

हे कर्ज दुकानाच्या वहीत घ्यायचंच कशाला, असं बरेच जण म्हणतात. कर्ज मालकाच्या नावावर आहे, दुकानाच्या नाही. मग मालकाने आणलेले पैसे म्हणून सगळे तीन लाख भांडवल लिहावे. असं केलं तर ताळेबंद देखणा दिसतो, एक रुपयाही देणं नाही. पण दर महिन्याचा हप्ता दुकानासाठी घेतलेल्या कर्जाचा असतो आणि त्या हप्त्यातलं व्याज वहीत कुठेच दिसत नाही. आणखी दोन वर्षांनी हा तरुण मुद्रा कर्ज मागायला गेला, की बँक त्याच्या पॅनवरून क्रेडिट अहवाल काढते, त्यात ते दोन लाख असतातच. ताळेबंद आणि अहवाल जुळत नाहीत तेव्हा अधिकाऱ्याचा बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. माझं मत स्पष्ट आहे: धंद्यात वापरलेलं कर्ज, ते कोणत्या नावाने घेतलं याला महत्त्व न देता, धंद्याच्या वहीत देणं म्हणून घ्यावं.

प्राप्तिकरातही हीच दिशा आहे. 2025-26 या आर्थिक वर्षाला लागू असलेल्या 1961 च्या कायद्यातलं कलम 36 असं बघतं की उसने घेतलेले पैसे धंद्यासाठी वापरले का. कर्जाला बँकेने वैयक्तिक हे नाव दिलं म्हणून व्याजाची वजावट जात नाही. पण वापर दाखवता यायला हवा. या तरुणाने कर्जाचे पैसे खात्यात आल्यावर सुताराला आणि पुरवठादारांना खात्यातूनच दिले होते, म्हणून प्रश्न उरला नाही. हेच पैसे एटीएममधून काढून घरच्या पैशांत मिसळले असते, तर कोणता रुपया कुठे गेला हे कुणालाच सांगता आलं नसतं. एक मर्यादाही इथेच सांगते: त्याने कलम 44 एडीखाली विक्रीच्या ठराविक टक्क्यांनी अंदाजे नफा दाखवण्याची सोय घेतली, तर व्याज आणि घसारा त्यात आलेच असं धरलं जातं, वेगळे मागता येत नाहीत. तेव्हा ही नोंद कराऐवजी मालकाला आणि बँकेला खरं चित्र दाखवण्यासाठी असते.

कर्जातला काही भाग घरी गेला तर? असं बऱ्याचदा होतं. समजा दोन लाखांतले पन्नास हजार आईच्या शस्त्रक्रियेला लागले. काही हिशेबनीस मग वहीत दीड लाखच कर्ज लिहितात. मी पूर्ण दोन लाख जमा लिहून पन्नास हजार उचल खात्याला नावे टाकते, आणि दर महिन्याच्या व्याजाचा चौथा हिस्साही उचलीत टाकते. काम थोडं वाढतं, पण वहीतलं कर्ज बँकेच्या उताऱ्याशी रुपयाला रुपया जुळत राहतं, आणि घराचा भार दुकानाच्या नफ्यावर पडत नाही.

बँकेऐवजी मेहुण्याने किंवा मित्राने रोख एक लाख दिले असतील तर मात्र प्रश्न वेगळा आणि जास्त गंभीर आहे. वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम कर्ज म्हणून रोख घ्यायला त्याच कायद्याच्या कलम 269 एसएसने मनाई आहे, आणि मोडल्यास घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो. एक लाखाच्या उसनवारीला एक लाखाचा दंड. पहिल्या नोंदीत 'मेहुण्याकडून कर्ज, रोख' असं लिहून लोक आपल्याच हाताने पुरावा तयार करतात. खरा इलाज नोंद बदलण्यात नाही. पैसे सुरुवातीपासून खात्यातून किंवा धनादेशाने घेण्यात आहे. रोख भांडवलाचंही तसंच. पंच्याण्णव हजार कुठून आले याचं उत्तर म्हणून मी त्याच्या बचत खात्याच्या उताऱ्याची प्रत त्या पानाला जोडून ठेवली.

फर्निचरच्या नव्वद हजारांत सुताराने केलेला काउंटर आणि मांडण्या 85,000 च्या आणि घरचं कपाट 5,000 चं. घरची वस्तू धंद्यात आणताना ती मूळ कितीला घेतली होती हे न बघता आज तिचं जे येईल ते धरायचं. कपाट लग्नात पंचवीस हजारांना घेतलं असेल, पण आज ते पाच हजारांचं आहे. आणि इथे म्हैसूरच्या दसऱ्याने त्याला एक अनपेक्षित फायदा दिला. प्राप्तिकरात फर्निचरवर दहा टक्के घसारा मिळतो, पण नवी मालमत्ता त्या वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर निम्माच. 2 ऑक्टोबर 2025 पासून 31 मार्च 2026 पर्यंत, दोन्ही दिवस धरून, 181 दिवस होतात. त्याने 22 ऑक्टोबरच्या पाडव्याचा मुहूर्त धरला असता तर 161 दिवस झाले असते. नियमित हिशेबाने कर भरायचा तर 85,000 वर पहिल्या वर्षी 8,500 आणि 4,250 एवढा हा फरक आहे. अर्थात मोजदाद होते ती वस्तू प्रत्यक्ष वापरात आल्यापासून. सुताराची पावती सप्टेंबरची आहे म्हणून सप्टेंबरपासून दिवस मिळत नाहीत.

आता संगणकावर. बहुतेक लहान दुकानं टॅली वापरतात, आणि तिथे ही नोंद रोजकीर्दीत न लिहिता प्रत्येक खातं उघडताना त्याची सुरुवातीची शिलक भरण्याची पद्धत आहे. एखादं खातं राहिलं किंवा नावे-जमा उलटं झालं की ताळेबंदात एक ओळ उगवते: `Difference in opening balances`. ही ओळ फार उपयोगी आहे, पण ती नाहीशी करण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे फरकाचा आकडा भांडवलात घालणे, आणि बरेच जण तेच करतात. ओळ जाते, चूक मुरते. मी माझ्याकडच्या मुलांना सांगून ठेवलं आहे की ती ओळ दिसली की भांडवल खात्याला हात लावायचा नाही. भांडवलाचा आकडा मालकाने काय घातलं त्याच्या कागदावरून आधी पक्का करायचा, आणि मग फरक बाकीच्या खात्यांत शोधायचा.

पहिल्या नोंदीतलं कर्ज खरं आहे की नाही हे खऱ्या अर्थाने कळतं ते हप्ते सुरू झाल्यावर. दोन लाख, वर्षाला बारा टक्के, छत्तीस महिने, हप्ता 6,643. पहिल्या हप्त्यात व्याज दोन हजार आणि मुद्दल 4,643. दुसऱ्या हप्त्यात शिल्लक मुद्दल 1,95,357 वर व्याज 1,954, बाकीचं मुद्दल. हप्ता त्याच्या घरच्या बचत खात्यातून आपोआप जातो, म्हणून तो दुकानाच्या वहीत यायचाच राहत होता. आता दर महिन्याला व्याज खातं आणि कर्ज खातं नावे पडतात, आणि हप्त्याची रक्कम त्याच्या भांडवलात जमा होते, कारण तेवढे पैसे त्याने घरून दुकानासाठी भरले. 31 मार्चपर्यंत सहा हप्ते गेले, मिळून 39,858 रुपये. त्यात व्याज सुमारे 11,294 आणि फिटलेलं मुद्दल 28,564, म्हणून कर्ज खात्याची शिल्लक राहिली 1,71,436. हप्त्याची सगळी रक्कम खर्चाला टाकली असती तर नफा साडेअठ्ठावीस हजारांनी कमी दिसला असता आणि कर्ज दोन लाखांवरच राहिलं असतं. आणि त्याच्या पहिल्या कागदातले 1,95,280 तसेच पुढे गेले असते, तर वहीत शिल्लक आली असती 1,66,716, बँकेच्या उताऱ्यापेक्षा बरोबर 4,720 ने कमी. एप्रिलमध्ये बँकेचा उतारा आला तेव्हा आम्ही आधी तीच ओळ ताडून बघितली. आकडा वहीशी जुळला, आणि मगच वर्षाचा ताळेबंद पुढे घेतला.